स्लॅब पडल्यावर लिफ्ट आठवली तर? एकात्मिक बदल नियंत्रण आणि बदल विनंतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चालू कामात बदल आला की काय करायचं, हे प्रश्न आमच्याकडे सगळ्यात जास्त येतात. नुसत्या व्याख्या देऊन ते सुटत नाहीत. म्हणून खालच्या सगळ्या उत्तरांमध्ये एकच उदाहरण धरलं आहे. ते कल्पित आहे, पण त्यातली कामं आणि त्यांचा क्रम साइटवर असतो तसाच ठेवला आहे.

एका शिक्षण संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाची तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत चालू आहे. मंजूर बजेट ४ कोटी २० लाख रुपये आणि ताबा ३१ मे रोजी द्यायचा आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मुली राहायला येणार. १२ जानेवारीला दोन स्लॅब पडलेले आहेत, तिसऱ्याचं सेंटरिंग उभं आहे आणि तो २७ जानेवारीला भरायचा आहे. अशात एक विश्वस्त साइटवर येऊन म्हणतात, ‘‘साहेब, जिन्याशेजारी एक लिफ्ट बसवून टाका. फार काही नाही, एक खोली तर जाईल.’’

याला ‘बदल’ म्हणायचं की कामाचाच भाग?

मंजूर कागदांत लिफ्ट आहे का, एवढंच बघायचं. मंजूर कागद म्हणजे तीन गोष्टी : काय करायचं याची यादी आणि नकाशे, कधी करायचं याचा बार चार्ट, आणि कितीत करायचं याचं बजेट. या तिन्हींच्या मंजूर आवृत्तीला बेसलाइन म्हणतात. लिफ्ट यादीत नाही, म्हणजे हा बदल आहे.

नकाशात लिफ्टचा डक्ट दाखवलेला असता आणि ठेकेदार तो बांधायला विसरला असता, तर तो बदल नव्हे, चूक दुरुस्ती झाली असती. त्याचे पैसे मालक देत नाही. पहिलं भांडण बहुधा इथेच होतं, आणि ज्यांच्याकडे सहीची बेसलाइन नाही ते ते भांडण हरतात. बेसलाइनच नसेल तर बदलाचा फॉर्म भरण्यात अर्थ नाही. आधी आहे त्या तारखेची बेसलाइन तयार करून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या.

‘एकात्मिक’ हा शब्द कशासाठी?

बदल मोजताना काम, वेळ आणि पैसा वेगवेगळ्या टेबलांवर मोजायचे नाहीत, यासाठी. आर्किटेक्टने नकाशा बदलून दिला, क्वांटिटी सर्व्हेअरने लिफ्टचा भाव काढला आणि बार चार्टला कोणी हातच लावला नाही, असं सर्रास होतं. तिघांनीही आपापलं काम नीट केलेलं असतं, तरी उत्तर चुकतं. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शिकेच्या २०१७ च्या सहाव्या आवृत्तीत ही प्रक्रिया ‘एकत्रीकरण’ या विभागात ठेवलेली होती, वेळ किंवा खर्चाच्या विभागात नाही. त्याचं कारण हेच.

प्रक्रियेचा प्रवास असा : कोणीही बदल सुचवला की तो लेखी घ्यायचा, त्याला क्रमांक द्यायचा आणि नोंदवहीत चढवायचा. मग परिणाम मोजायचे, पर्याय मांडायचे आणि ज्याला अधिकार आहे त्याच्याकडून हो, नाही किंवा ‘नंतर बघू’ असा निर्णय लेखी घ्यायचा. हो आलं तर बेसलाइन, नकाशे, करार आणि ऑर्डरी बदलायच्या. नाही आलं तरी नोंद राहते, कारण तीच मागणी दोन महिन्यांनी नवीन कपडे घालून परत येते.

कामाच्या व्याप्तीवरचा परिणाम कसा लिहायचा? ‘एक लिफ्ट वाढली’ एवढं पुरत नाही का?

नाही. लिफ्ट ही वस्तू आहे. तिच्यामुळे कशाकशाला हात लागतो, ती व्याप्ती. आम्ही याला स्पर्श यादी म्हणतो. पाया, आरसीसी, भिंती, वीज, पाणी, परवानग्या, वापर अशा एकेका शाखेच्या माणसाला विचारायचं, ‘‘तुझ्या कामातली कुठली गोष्ट आता पूर्वीसारखी राहणार नाही?’’

विश्वस्तांनी सुचवलेली जागा घेतली, म्हणजे जिन्याशेजारच्या स्टोअर रूममध्ये शाफ्ट, तर यादी अशी निघते : पडलेले दोन स्लॅब कापावे लागतील, कापलेल्या कडेला नवे बीम द्यावे लागतील, तिसऱ्या स्लॅबचं स्टील खोलून पुन्हा बांधावं लागेल. पिटचा खड्डा शेजारच्या कॉलमच्या फूटिंगला खेटून जाईल, म्हणजे फूटिंगला आधार देत खणावं लागेल. शिवाय प्रत्येक मजल्यावरचं स्टोअर जाईल आणि गाद्या-चादरी ठेवायच्या कुठे हा प्रश्न अधीक्षिकाबाई विचारतील.

म्हणून दुसरी जागा शोधली : पूर्वेला कॉरिडॉरच्या टोकाला, इमारतीच्या बाहेर, स्वतंत्र राफ्टवर म्हणजे सलग काँक्रीटच्या पायावर आरसीसी शाफ्ट आणि मध्ये एक्सपान्शन जॉइंट. कॉरिडॉरच्या टोकाची भिंत अजून बांधलेलीच नाही, त्यामुळे तोडफोड शून्य. मात्र त्या भिंतीत खिडकी होती आणि अख्ख्या कॉरिडॉरला उजेड तिथूनच येणार होता. तेव्हा बाजूच्या भिंतीत प्रत्येक मजल्यावर खिडकी वाढवावी लागते. अशी ओळ स्पर्श यादीशिवाय सापडत नाही. ती सापडते मे महिन्यात, अंधाऱ्या कॉरिडॉरमध्ये उभं राहिल्यावर.

व्याप्तीच्या रकान्यात तीन उपशीर्षकं ठेवा : काय वाढलं, काय कमी झालं, आणि काय यात नाही. तिसरं सगळ्यात उपयोगी. आमच्या उदाहरणात ‘जनरेटर बॅकअप यात नाही’ हे लिहिलं नाही, तर वीज गेल्यावर लिफ्ट चालणार हे विश्वस्तांनी गृहीत धरलेलंच असतं.

वेळेवरचा परिणाम म्हणजे त्या कामाला लागणारे दिवस ना?

इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो, म्हणून जरा सविस्तर.

बदलाचं काम किती दिवसांचं आहे आणि त्यामुळे ताबा किती दिवस पुढे जातो, या दोन वेगळ्या संख्या आहेत. दुसरी काढायला नवीन कामं बार चार्टच्या साखळीत त्यांच्या जागी बसवावी लागतात. साखळीतली जी रांग ताब्याची तारीख ठरवते ती क्रिटिकल पाथ. बाकीच्या कामांकडे थोडी सवड असते, तिला फ्लोट म्हणतात.

बाहेरच्या शाफ्टचा पर्याय घेऊ आणि मंजुरी २२ जानेवारीला मिळाली असं धरू. आता दोन रांगा सुरू होतात.

पहिली रांग बांधकामाची. सुधारित नकाशाची मंजुरी २५ दिवस, खोदाई आणि राफ्ट १० दिवस, शाफ्टच्या भिंती ३२ दिवस. एकूण ६७ दिवस, म्हणजे ३० मार्च. त्यानंतर आतून साफसफाई आणि दरवाजांची तोंडं नीट करायला ८ दिवस, म्हणजे ७ एप्रिलला शाफ्ट तयार.

दुसरी रांग लिफ्टची. आरसीसी कन्सल्टंटचं डिझाइन १२ दिवसांत म्हणजे ३ फेब्रुवारीला पक्कं होतं. शाफ्टची मापं पक्की झाल्याशिवाय लिफ्ट कंपनी ऑर्डर घेत नाही. ऑर्डरीपासून माल यायला १२ आठवडे, म्हणजे २८ एप्रिल. बसवायला २५ दिवस, म्हणजे २३ मे. महाराष्ट्रात लिफ्ट उभारण्याआधी परवानगी आणि वापरण्याआधी परवाना लागतो, २०१७ च्या राज्याच्या लिफ्ट कायद्यानुसार. उभारणीची परवानगी त्या १२ आठवड्यांतच घ्यायची. शेवटच्या तपासणीला आणि परवान्याला १५ दिवस धरले तर ७ जून.

आता बघा. शाफ्ट ७ एप्रिललाच तयार, माल मात्र २८ एप्रिलला. म्हणजे शाफ्टच्या कामाला २१ दिवसांची सवड आहे. साइटवरचे सगळे लोक ‘शाफ्ट लवकर उचला’ म्हणून ठेकेदाराच्या मागे लागतील आणि त्याने एक दिवसही वाचणार नाही. वाचवायचे असतील तर डिझाइनच्या १२ दिवसांतले वाचवा, कारण तिथला एक दिवस म्हणजे परवान्याचा एक दिवस.

परिणाम : ताबा ३१ मेवरून ७ जूनवर, सात दिवस. शंभरहून जास्त दिवसांची कामं वाढली आणि ताबा सातच दिवस सरकला. उलटही होतं. स्टोअर रूमच्या पर्यायात तिसरा स्लॅब थांबवून डिझाइन आणि स्टील बदलायला १४ दिवस लागतात. तिसरा स्लॅब क्रिटिकल पाथवर आहे, म्हणून ताबा सरळ १४ जूनवर जातो. जूनमध्ये बाहेरचा रंग कसा होतो ते कोकणातल्या ठेकेदाराला विचारायची गरज नाही, पुण्यातलाही सांगेल.

तारीख सरकत नसेल तर ‘वेळेवर परिणाम नाही’ लिहिलं तर चालेल?

चालणार नाही. सवड खर्च झाली तर तीही लिहा. पूर्वेच्या भिंतीचा बाहेरचा गिलावा १५ मार्चला सुरू व्हायचा होता, आता शाफ्टच्या भिंती पूर्ण झाल्याशिवाय तिथे परांची बांधता येत नाही, म्हणून तो ३१ मार्चला. सोळा दिवस उशीर. त्याच्याकडे २० दिवसांचा फ्लोट होता, त्यामुळे ताब्याच्या तारखेला धक्का नाही. पण आता फक्त ४ दिवस उरले. पुढचा बदल, किंवा एप्रिलमधला एक वळीव, तेवढे दिवस खाऊन टाकेल आणि दोष मात्र त्या पुढच्या बदलाच्या नावावर जाईल. ‘फ्लोट २० वरून ४’ ही ओळ फॉर्मात असली की नंतरचा हिशेब खरा राहतो.

खर्चाचा परिणाम काढताना काय राहून जातं?

कोटेशनचा आकडा कोणी विसरत नाही. राहतात ते त्याच्या आजूबाजूचे. बाहेरच्या शाफ्टचा हिशेब असा, लाख रुपयांत :

- लिफ्ट, आठ माणसांची, चार थांबे, बसवण्यासह : ११.५०
- राफ्ट, शाफ्ट, वॉटरप्रूफिंग आणि कॉरिडॉरच्या नव्या खिडक्या : ५.१०
- केबल, पॅनेल आणि वाढीव वीजभार : १.२०
- डिझाइन, सुधारित नकाशा, परवानगी आणि परवाना यांची फी : १.०५
- साइटचा रोजचा खर्च, ९,००० रुपये गुणिले ७ दिवस : ०.६३
- वजा, न बांधलेली टोकाची भिंत आणि खिडकी : ०.३८
- एकूण वाढ : १९.१०

शेवटून दुसऱ्या ओळीकडे लक्ष द्या. वाढीव कामाचं बिल करताना वाचलेलं काम वजा करायला ठेकेदार स्वतःहून येत नाही. आणि साइटच्या रोजच्या खर्चाची ओळ मालकाच्या माणसांना सुचत नाही, पण सुपरवायझर, वॉचमन आणि मिक्सरचं भाडं सात दिवस जास्त चालतंच. वेळेचा आकडा आधी आणि खर्चाचा नंतर काढायचा तो यासाठी : वेळ ठरल्याशिवाय ही ओळ भरताच येत नाही.

प्रत्येक आकड्यासमोर त्याचा आधारही लिहा. लिफ्टचा भाव लेखी कोटेशनचा, ३० दिवस वैध. आरसीसीचा दर करारातल्या बीओक्यूचा म्हणजे कामांच्या परिमाण-दर यादीचा, म्हणून पक्का. विजेचा आकडा कन्सल्टंटच्या अंदाजाचा, थोडा वर-खाली होईल. तिन्ही आकडे एकाच जाडीच्या अक्षरात छापले की मंजुरी देणाऱ्या कमिटीला ते सारखेच पक्के वाटतात.

पर्याय किती द्यायचे?

कमिटी वाचेल तेवढे. इथे तीन पुरतात. स्टोअर रूममधला शाफ्ट : २४.५ लाखांच्या आसपास, १४ दिवस उशीर, चार स्टोअर गेले. बाहेरचा शाफ्ट : १९.१० लाख, ७ दिवस. आणि तिसरा, जो लोक मांडायला विसरतात : आत्ता फक्त बाहेरचं राफ्ट, वर सोडलेलं स्टील आणि कॉरिडॉरच्या टोकाला सहज काढता येईल अशी विटांची भिंत करून ठेवायची, लिफ्ट पुढच्या वर्षी. २.४० लाख, ताब्याला उशीर नाही.

‘काहीच करू नये’ हाही पर्याय एका ओळीत लिहा आणि त्याची किंमतही लिहा. पाय मोडलेल्या मुलीला तिसऱ्या मजल्यावर खोली देता येणार नाही, ही ती किंमत. विश्वस्तांची मागणी मुळात कुठून आली ते त्या ओळीतून कळतं. सगळ्या चर्चेअंती अशा मुलींसाठी तळमजल्याच्या दोन खोल्या राखून ठेवणं पुरेसं आहे असंही कोणी म्हणेल. तेही ऐकून घ्यावं.

कंटिन्जन्सीमध्ये पैसे शिल्लक आहेत. त्यातून का नाही करायचं?

या बजेटमध्ये १८ लाखांची कंटिन्जन्सी आहे आणि त्यातले ५ लाख गेलेत. उरलेले १३ लाख बघून सगळ्यांचे डोळे चमकतात. पण ते पैसे आधी ओळखलेल्या जोखमींसाठी राखलेले आहेत : पायात अपेक्षेपेक्षा खोल मुरूम लागला, स्टीलचा भाव चढला. लिफ्ट ही जोखीम नव्हे, नवी इच्छा आहे. ती कंटिन्जन्सीतून भागवली तर जोखमी तशाच उभ्या राहतात आणि त्यांच्यासाठी पैसा नसतो.

नव्या व्याप्तीसाठी मालकाकडे वेगळा राखीव निधी असतो, मॅनेजमेंट रिझर्व्ह. तो बेसलाइनच्या बाहेर असतो आणि प्रकल्प व्यवस्थापकाला तो परस्पर वापरता येत नाही. इथे तो १२ लाख आहे, म्हणजे ७.१० लाख कमी पडतात. ते कुठून येणार याचा ठराव विश्वस्त मंडळाने मंजुरीसोबतच करायला हवा. ‘आधी काम सुरू करा, पैशाचं बघू’ ही मंजुरी नव्हे.

भरलेला फॉर्म कसा दिसतो? एक नमुना द्या.

एका पानात बसतो. बसत नसेल तर जोडपत्रं लावा, पण कमिटीपुढे एकच पान ठेवा.

> बदल विनंती क्र. ७ | नोंद : १२ जानेवारी | मागणी : विश्वस्त मंडळ
> मागणी : सर्व मजल्यांसाठी प्रवासी लिफ्ट
> कारण : आजारी किंवा जखमी विद्यार्थिनींना वरच्या मजल्यावर जाता यावं
> प्रकार : मालकाने मागितलेली नवी व्याप्ती
> सुचवलेला पर्याय : पूर्वेला बाहेरचा शाफ्ट (पर्याय २)
> व्याप्ती, वाढ : राफ्ट, शाफ्ट, लिफ्ट, वीजभार, मजल्यागणिक बाजूची खिडकी
> व्याप्ती, घट : कॉरिडॉरच्या टोकाची भिंत आणि खिडकी
> यात नाही : जनरेटर बॅकअप, परवान्यानंतरचा देखभाल करार
> वेळ : ताबा ३१ मे → ७ जून. नवा क्रिटिकल पाथ : डिझाइन → ऑर्डर → माल → बसवणी → परवाना. पूर्वेच्या गिलाव्याचा फ्लोट २० → ४ दिवस
> खर्च : अधिक १९.१० लाख. बजेट ४२०.०० → ४३९.१० लाख
> निधी : मॅनेजमेंट रिझर्व्ह १२.०० लाख, नवी तरतूद ७.१० लाख
> नवी जोखीम : राफ्टच्या खोदाईत खडक, माल उशिरा येणं
> निर्णयाची शेवटची तारीख : २२ जानेवारी
> निर्णय / सही / तारीख :

‘निर्णयाची शेवटची तारीख’ कशाला? कमिटीला दमदाटी वाटत नाही का?

वाटली तर वाटू द्या. परिणामाचा प्रत्येक आकडा एका गृहीत तारखेवर उभा असतो. २२ जानेवारीचा निर्णय ५ फेब्रुवारीला आला तर लिफ्टची सगळी रांग १४ दिवस पुढे जाते, परवाना २१ जूनला मिळतो आणि मुली येण्याआधी हाताशी जेमतेम दहा दिवस राहतात. स्टोअर रूमच्या पर्यायाचं तर आणखी वाईट : २७ जानेवारीला तिसरा स्लॅब पडला की कापायचे स्लॅब दोनाचे तीन होतात. म्हणून तारीख उलटली की जुन्या विश्लेषणावर सही घ्यायची नाही, पुन्हा मोजायचं. मिनिट्समध्ये ‘विषय पुढील सभेत’ एवढंच लिहून सुटायची सवय या एका ओळीने कमी होते.

विश्लेषण चालू असताना काम थांबवायचं का, असंही लोक विचारतात. मंजुरी येईपर्यंत जुनी बेसलाइनच चालू असते, त्यामुळे उत्तर नाही. अपवाद एकच : चालू राहिल्याने बदल अशक्य किंवा फार महाग होणार असेल तर त्या तेवढ्या कामापुरता लेखी थांब आदेश घ्या. त्या थांबण्याचा खर्चही बदलाच्याच खात्यात जातो.

मंजूर कोण करतं?

मोठ्या प्रकल्पात बदल नियंत्रण मंडळ असतं. आपल्या वसतिगृहासारख्या कामात तीन माणसं पुरतात : संस्थेचे सचिव, आर्किटेक्ट आणि प्रकल्प व्यवस्थापक. मर्यादा आधीच ठरवून ठेवायच्या. उदाहरणार्थ, २५ हजारांपर्यंत आणि तारखेला धक्का नसेल तर व्यवस्थापक, दोन लाखांपर्यंत तिघं मिळून, त्यावर विश्वस्त मंडळ. रक्कम लहान असली तरी तारीख सरकत असेल तर बदल वरच्या पायरीवरच जातो.

लहान बदलांचीही नोंदवहीत ओळ हवी. २० हजारांचे दहा बदल म्हणजे दोन लाख होतात आणि ते कोणत्याच सभेपुढे आलेले नसतात. महिन्याच्या शेवटी वहीतली बेरीज सचिवांना दाखवा.

मंजुरीनंतर काय बदलायचं? आणि बेसलाइन बदलली तर उशीर लपत नाही का?

बार चार्टची नवी आवृत्ती, बजेटची नवी आवृत्ती, ठेकेदाराला लेखी आदेश, आणि नकाशे. नकाशांचं सगळ्यात महत्त्वाचं. पूर्वेच्या कॉरिडॉरच्या जुन्या आवृत्तीच्या सगळ्या प्रती साइटवरून परत घ्या किंवा त्यांवर ‘रद्द’ मारा. गवंडी भिंतीला चिकटवलेल्या कागदावरून काम करतो, तुमच्या ई-मेलवरून नाही. जुना कागद राहिला तर टोकाची भिंत दिमाखात उभी राहते.

लपण्याबद्दल : बेसलाइन फक्त मंजूर बदलाएवढीच सरकवायची, सात दिवस आणि १९.१० लाख. ठेकेदार आधीच पाच दिवस मागे असेल तर ते पाच दिवस नव्या बेसलाइनवरही मागेच दिसले पाहिजेत. लिफ्टच्या निमित्ताने तारीख १५ जून केली आणि आपला उशीर त्यात मुरवला, हा जुना डाव आहे. ओळखायची खूण सोपी : बेसलाइनच्या दोन आवृत्त्यांमधला फरक आणि त्या काळातल्या मंजूर बदलांची बेरीज जुळत नाही.

विश्वस्तांनी साइटवर तोंडी सांगितलं आणि ठेकेदाराने केलंसुद्धा. आता?

त्याच दिवशी पत्र किंवा ई-मेल पाठवा : ‘आज आपण अमुक सांगितलंत, त्याचा वेळ आणि खर्चावर परिणाम आहे, तो अमुक तारखेपर्यंत कळवतो.’ भाषा साधी ठेवा. अनेक करारांत नोटिशीला मुदत असते. फिडिक या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९९९ च्या लाल पुस्तकात, म्हणजे बांधकामाच्या नमुना करारात, कलम २०.१ प्रमाणे ठेकेदाराने घटना कळल्यापासून २८ दिवसांत नोटीस दिली नाही, तर वाढीव वेळ आणि पैशाचा हक्कच जातो. आपला करार फिडिकचा नसला तरी त्यात अशी अट आहे का ते आजच वाचा.

करारात काहीच नसेल तर भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७० आधाराला येऊ शकतं : फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या आणि समोरच्याने लाभ घेतलेल्या कामाची भरपाई. पण तो कोर्टाचा रस्ता आहे आणि दर काय हे तिथे भांडून ठरतं.

सरकारी कामांत हे असंच असतं का?

हेतू तोच, कागदांची नावं वेगळी. महाराष्ट्र सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामांत निविदेत नसलेल्या कामासाठी एक्स्ट्रा आयटम रेट लिस्ट करून मंजूर घ्यावी लागते. निविदेतलंच काम जास्त झालं तर विभागाच्या बी-१ नमुन्याच्या कराराच्या कलम ३८ मध्ये परिमाण २५ टक्क्यांहून जास्त वाढल्यावर दराचा प्रश्न उघडतो. खर्च प्रशासकीय मान्यतेच्या मर्यादेबाहेर चालला की सुधारित प्रशासकीय मान्यता. यात पैशाची बाजू फार काटेकोर असते. मुदतवाढीचा अर्ज मात्र वेगळ्या फायलीत आणि पुष्कळदा काम झाल्यावर जातो. त्यामुळे बदल आणि त्याचा उशीर एका पानावर क्वचितच भेटतात. खात्यात असाल तर निदान आपल्या डायरीत दोन्ही एकाच क्रमांकाखाली लिहा. मुदतवाढीचं समर्थन लिहिताना तेच पान उघडावं लागतं.

आमच्याकडे फॉर्म आहे, वही आहे, तरी बदल नियंत्रणात नाहीत. कुठे बघू?

वहीत तीन तारखा शेजारी मांडा : विनंतीची, मंजुरीची आणि साइटवर काम सुरू झाल्याची. तिसरी तारीख दुसरीच्या आधीची असलेल्या ओळी मोजा. त्या जास्त असतील तर तुमचा फॉर्म परवानगी मागत नाही, झालेल्या कामाची बारशाची पत्रिका छापतो.

मग वेळेचा रकाना वरून खाली वाचा. सगळीकडे ‘शून्य’ किंवा ‘नगण्य’ असेल, तर कोणी बार चार्ट उघडून बघत नाही. आणि एकही विनंती नाकारलेली नसेल तर निर्णय वहीबाहेर, फोनवर होतात आणि वहीत फक्त होकार पोहोचतात. अशा वेळी सचिवांना भेटून एवढंच ठरवा की पुढच्या महिन्यापासून क्रमांकाशिवाय आलेल्या एक्स्ट्रा आयटमचं बिल चालू कामाच्या आरए बिलात घ्यायचं नाही. ठेकेदार पुढच्याच आठवड्यात स्वतःहून क्रमांक मागायला येईल.